तांदूळ तोच, नाव वेगळे: प्रतवारी, मूळस्थान आणि पाकीट यांचा हिशेब

घाऊक धान्यबाजारात तांदळाचा मोठा सौदा होतो, तेव्हा विकत घेणाऱ्याने तो तांदूळ पाहिलेला असतोच असे नाही. करारात लांब दाण्याचा पांढरा तांदूळ, कणी पाच टक्क्यांपर्यंत, ओलावा चौदा टक्क्यांपर्यंत, अशा काही अटी लिहिलेल्या असतात आणि त्या अटींत बसणारा कोणताही माल चालतो. तो कोणत्या खोऱ्यातून आला, कोणी पिकवला, कोणत्या महिन्यात कापला, हे कोणी विचारत नाही आणि विचारण्याचे कारणही नसते, कारण एका पोत्याच्या जागी दुसरे पोते ठेवता यावे एवढ्यासाठीच प्रतवारीची ही पद्धत रूढ झाली. ज्या वस्तूचे एक पोते दुसऱ्याच्या जागी बिनतक्रार चालते, तिला व्यापारात कमोडिटी म्हणतात, आणि तिचा भाव विकणारा ठरवत नाही, बाजार ठरवतो.

म्हणजे तांदळाची ओळख पुसली ती प्रतवारीनेच. तांदळाला किंवा मिठाला पुन्हा नाव मिळवून द्यायचे, तर तेच साधन उलट्या दिशेने वापरावे लागते: ‘या अटींत बसणारे सगळे सारखे’ असे न म्हणता, ‘या अटींत बसणारे थोडेच असते आणि ते ओळखता येते’ असे दाखवून द्यावे लागते. बहुतेक उत्पादक सुरुवात पाकिटावरच्या चित्रापासून आणि मातीच्या गोष्टीपासून करतात. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. प्रतवारी आधी, गोष्ट नंतर आणि पाकीट शेवटी, असा क्रम का असावा आणि त्यात पैसा कुठे मिळतो, कुठे जातो, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

दाण्यात काय मोजायचे

शंभर किलो साळ गिरणीत घातली, तर साधारण वीस किलो तूस निघते, दहा-बारा किलो कोंडा आणि इतर घट जाते, आणि सुमारे अडुसष्ट-एकोणसत्तर किलो पांढरा तांदूळ हाती येतो. या तांदळात अखंड दाणे किती आणि तुटलेले किती, यावर मालाचा दर्जा सर्वांत आधी ठरतो. अनेक मानकांत मूळ लांबीच्या तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त असलेला दाणा अखंड धरतात आणि त्याहून लहान तुकड्याला कणी म्हणतात. चांगल्या गिरणीत साळीच्या वजनाच्या सुमारे ५५ टक्के अखंड तांदूळ मिळतो, तर जुन्या, साध्या गिरणीत हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकते. साळ तीच असूनही हा फरक पडतो.

दाणा गिरणीत तुटतो हे खरे असले, तरी बऱ्याचदा तो तिथे पोहोचण्याआधीच तडकलेला असतो. कापणीच्या वेळी दाण्यात वीस ते पंचवीस टक्के ओलावा असतो आणि साठवणीसाठी तो चौदा टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. हे वाळवणे घाईने झाले, किंवा वाळलेल्या साळीवर रात्रीचे दव पडले, तर दाण्याच्या आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळ्या वेगाने आकुंचन-प्रसरण पावतो आणि आत केसासारखी बारीक चीर पडते. तूस काढलेला दाणा उजेडासमोर धरला, तर ती आडवी रेघ दिसते. असा दाणा पॉलिश होताना हमखास मोडतो. त्यामुळे ‘आमच्या तांदळात कणी नाही’ असे म्हणू इच्छिणाऱ्याने गिरणीवाल्याशी वाद घालण्याआधी खळ्यातले वाळवण तपासलेले बरे.

दुसरी मोजण्यासारखी गोष्ट म्हणजे खडूसारखे पांढरे, अपारदर्शक दाणे. दाणा भरण्याच्या काळात रात्रीचे तापमान चढे राहिले, तर आतले पिठाचे कण घट्ट बसत नाहीत, मधे हवेच्या पोकळ्या राहतात आणि दाणा काचेसारखा न दिसता पांढुरका दिसतो. असे दाणे दिसायला खराब असतात आणि मोडतातही लवकर. तिसरी गोष्ट म्हणजे लांबी-रुंदीचे प्रमाण आणि सारखेपणा, चौथी म्हणजे शिजल्यावरचे वागणे. शिजल्यावर भात मोकळा होणार की चिकट, हे मुख्यतः दाण्यातल्या अमायलोज नावाच्या पिष्टमय घटकावर अवलंबून असते; तो पंचवीस टक्क्यांहून जास्त असला की भात मोकळा आणि थंड झाल्यावर कडक होतो, वीस टक्क्यांहून कमी असला की मऊ आणि चिकट. यांपैकी एकही गुण आपोआप ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ नाही, आणि प्रतवारीचा वेगळेपणासाठी उपयोग होतो तो नेमका इथे. बाजाराची प्रतवारी फक्त दोष मोजते. वेगळे नाव मिळवू पाहणाऱ्याने गुणही मोजायला हवेत आणि ते खाणाऱ्याला जाणवणाऱ्या शब्दांत सांगायला हवेत.

नमुना कसा घेतला, यावर ही सगळी मोजणी उभी असते आणि तिथेच ती सर्वांत जास्त फसते. ढीग ओतताना अखंड दाणे घरंगळत कडेला जातात आणि कणी मधोमध साठते, पोते हलत-हलत प्रवास करते तेव्हा बारीक तुकडे खाली झिरपतात. म्हणून वरून मूठभर उचलून केलेली परीक्षा माल आहे त्यापेक्षा चांगला दाखवते. अनेक पोत्यांतून, पोत्यात खोलवर नळी खुपसून माल काढायचा, तो एकत्र मिसळायचा, सपाट पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा मिसळायचे आणि असे करत शेवटी शंभर ग्रॅमपर्यंत यायचे, ही जुनी रीत कंटाळवाणी असली तरी तिला पर्याय नाही. त्या शंभर ग्रॅममधली कणी वेगळी करून तोलली की जितके ग्रॅम भरतील, तितके टक्के. हा आकडा खात्रीचा नसेल, तर पाकिटावर छापलेले पुढचे सगळे शब्द अधांतरी राहतात.

प्रतवारीने एकाच वस्तूतून दोन वस्तू कशा होतात, याचे नेमके उदाहरण मिठात सापडते. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर गेरांद येथे चिकणमातीच्या उथळ वाफ्यांत समुद्राचे पाणी आटवून मीठ काढतात. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी पाण्याच्या पृष्ठभागावर नाजूक स्फटिकांची पातळ साय धरते. ती हलक्या हाताने वरच्यावर काढली जाते आणि ‘मिठाचे फूल’ या अर्थाच्या फ्रेंच नावाने विकली जाते. त्याच वाफ्याच्या तळाशी जाड, मातीमुळे करडे झालेले मीठ बसते, ते वेगळे ओढून काढतात. दोन्ही जवळजवळ सोडियम क्लोराइडच, पाणी तेच आणि माणसेही तीच असतात. फरक स्फटिकाच्या आकाराचा आहे, आणि तो जिभेला जाणवतो, कारण पातळ कुरकुरीत स्फटिक पदार्थावर भुरभुरले तर एकदम विरघळतात. तेच मीठ आमटीत टाकले, तर विरघळल्यावर कोणालाही फरक ओळखता येणार नाही. वेगळेपण असते, पण ते कोणत्या वापरात टिकते आणि कोणत्या वापरात नाहीसे होते, हे विकणाऱ्याला नेमके ठाऊक असावे लागते.

मूळस्थानाची गोष्ट आणि तिचा पुरावा

‘आमचा तांदूळ डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्यावर पिकतो’ हे वाक्य खरे असू शकते आणि तरीही निरुपयोगी असू शकते. त्यातून दाण्यात काय फरक पडला, हे ते सांगत नाही. मूळस्थानाच्या चांगल्या गोष्टीत कारण आणि परिणाम यांची साखळी असते: ही जागा इतक्या उंचीवर आहे, दाणा भरताना इथल्या रात्री थंड असतात, म्हणून खडूसारखे दाणे कमी निघतात, हा वाण जुना आहे, ताट उंच असून जोराच्या वाऱ्यात आडवे पडते, म्हणून उत्पन्न कमी येते, पण त्याचा दाणा शिजल्यावर असा होतो. गोष्टीतला प्रत्येक दुवा तपासता येण्यासारखा असावा. म्हणून जागेची सीमा, वाण, हंगामाचे वर्ष आणि प्रक्रिया या चार बाबी गोष्टीत आल्या, तर बाकीची काव्यमयता नसली तरी चालते.

जागेचा संबंध गुणाशी न जोडता थेट आरोग्याशी जोडला, की गोष्ट कशी भरकटते, हे गुलाबी मिठात दिसते. जगभर हिमालयाच्या नावाने विकले जाणारे हे मीठ मुख्यतः पाकिस्तानातील पंजाब प्रांतात, खेवडा येथील आणि आसपासच्या खाणींतून येते. या खाणी ज्या ‘सॉल्ट रेंज’ नावाच्या डोंगररांगेत आहेत, ती हिमालयाच्या मुख्य रांगांच्या बरीच दक्षिणेला आहे. त्याचा रंग लोहाच्या अत्यल्प अंशांमुळे येतो. रंग खरा आहे, खाण जुनी आणि खरी आहे, स्फटिक देखणे आहेत. एवढ्यावर विकायला हरकत नव्हती. परंतु त्यातल्या खनिजांमुळे प्रकृती सुधारते, असे सांगितले जाऊ लागले. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा जास्त मीठ खाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मिठात सोडियम क्लोराइडखेरीज इतर घटक दोन टक्के धरले, तरी पाच ग्रॅममध्ये ते सगळे मिळून एक दशांश ग्रॅम होतात. एवढ्याशा मात्रेतून पोषण मिळवायचे, तर मीठ अपायकारक प्रमाणात खावे लागेल. ज्याला हा साधा गुणाकार करता येतो, त्याचा पाकिटावरच्या खऱ्या भागावरचाही विश्वास उडतो.

तांदळात मूळस्थानाच्या गोष्टीची सर्वांत कठोर परीक्षा बासमतीची झाली आहे, आणि तीतून शिकण्यासारखे बरेच आहे. बासमतीची कीर्ती दोन गोष्टींवर उभी आहे, सुगंध आणि शिजताना लांबीत होणारी वाढ. सुगंधाला मुख्यतः जबाबदार असलेले रसायन शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखले. ते इतर सुगंधी तांदळांतही आढळते, त्यामुळे केवळ वासावरून बासमती सिद्ध होत नाही. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बासमती म्हणून विकल्या जाणाऱ्या नमुन्यांची डीएनए चाचणी केली, तेव्हा निम्म्याहून थोड्याच अधिक नमुन्यांत निव्वळ बासमती आढळला आणि साधारण सहा नमुन्यांमागे एकात इतर तांदळाचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही मोठा निघाला. त्यानंतर २००५ मध्ये तिथल्या व्यापाराने आचारसंहिता स्वीकारली आणि इतर वाणांची सरमिसळ जास्तीत जास्त सात टक्के एवढीच चालेल, असे ठरले. शून्य टक्के न ठरवता सात टक्के ठरवण्यात शहाणपण होते, कारण शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत थोडी सरमिसळ टाळणे कठीण असते, आणि पाळताच येणार नाही असा नियम केला की सगळेच तो मोडतात. भारतात बासमतीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे कोणत्या प्रदेशात पिकलेल्या तांदळाला हे नाव लावता येईल, याची सीमा ठरली. पुढे २०२३ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दाण्याची लांबी, शिजल्यावरची वाढ, ओलावा यांची मानके लागू केली आणि सुगंध नैसर्गिकच असला पाहिजे, असेही स्पष्ट केले.

इथे एक बारकावा आहे, जो गोष्ट सांगणारे सहसा विसरतात. डीएनए चाचणी वाण ओळखते, जागा ओळखत नाही. तेच बियाणे सीमेबाहेर पेरले, तर त्याचा डीएनए तोच राहतो. जागा ओळखायची तर दाण्यातल्या ऑक्सिजन, स्ट्रॉन्शियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण आणि सूक्ष्म धातूंचा ठसा तपासावा लागतो, आणि तो ताडून पाहण्यासाठी त्या भागातल्या खात्रीच्या नमुन्यांचा संग्रह आधीच हाताशी असावा लागतो. लहान उत्पादक-गटाला हे सहसा परवडत नाही.

परवडते ते वेगळे, आणि बहुतेक लबाडी त्यानेच पकडली जाते: वजनाचा ताळेबंद. समजा, एका शेतकरी गटाचे सुगंधी जुन्या वाणाखालचे क्षेत्र ४० हेक्टर आहे आणि हेक्टरी अडीच टन साळ येते. एकूण १०० टन साळ, त्यातून ५५ टन अखंड तांदूळ. त्या वर्षी या गटाच्या नावाने ८० टन अखंड तांदूळ विकला गेला असेल, तर उरलेला २५ टन कुठून आला, याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय मिळते. क्षेत्र, कापणीचे वजन, गिरणीत गेलेले वजन, निघालेले अखंड आणि कणी, भरलेल्या पाकिटांची संख्या, हे पाच आकडे वर्षाअखेर जुळले पाहिजेत आणि प्रत्येक पाकिटावरच्या खेप क्रमांकावरून मागे जाता आले पाहिजे. ज्या गटाला हे जाहीर करायची भीती वाटत नाही, त्याला गोष्ट रंगवून सांगण्याची फारशी गरज उरत नाही.

पाकिटाचे काम

पाकीट म्हणजे सजावट, असा समज आहे. मुळात ते मालातला एखादा दोष दूर करण्यासाठी असते, आणि तो दोष ग्राहकाच्या ओळखीचा असेल तर दोष दूर झाल्याची घोषणा हीच उत्तम जाहिरात ठरते. अमेरिकेतल्या मॉर्टन कंपनीचे मीठ हे याचे जुने उदाहरण आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी शोषते आणि त्याचे गोळे होतात. या कंपनीने १९११ मध्ये मिठात मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळायला सुरुवात केली, ज्यामुळे दमट हवेतही मीठ मोकळे राहू लागले, आणि ते ओतण्यासाठी तोटी असलेल्या गोल डब्यात भरले. १९१४ मध्ये त्या डब्यावर पावसात छत्री घेऊन चाललेली आणि काखेतल्या डब्यातून मीठ सांडत जाणारी मुलगी आली. चित्र गोड आहे. पण ते टिकले, कारण त्यात सांगितलेली गोष्ट कोणालाही पावसाळी दिवशी घरी ताडून पाहता येत होती. मिठात इतर काहीही वेगळे नव्हते.

तांदळाच्या पाकिटाला तीन शत्रू आहेत: कीड, ओलावा आणि उडून जाणारा वास. यांतली कीड बाहेरूनच येते असे नाही. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक बुजवते, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या, बंद पाकिटातही महिन्या-दीड महिन्याने किडे दिसू शकतात. पातळ साध्या प्लॅस्टिकला एक प्रकारचा भुंगा पोखरूही शकतो. हवा काढून घट्ट बंद केलेले किंवा आत प्राणवायू शोषणारी पुडी ठेवलेले पाकीट यावर उपाय ठरते, कारण प्राणवायूविना अंडी आणि अळ्या जगत नाहीत. मात्र निर्वात पाकिटात दाण्यांची टोके आतून प्लॅस्टिकला टोचतात, सूक्ष्म छिद्र पडते आणि कडक पाकीट काही दिवसांत सैल होते. सैल झालेले पाकीट हे गळतीचे लक्षण आहे, आणि विक्रेत्याने ते दुकानात पोहोचण्याआधीच वेगळे काढायला हवे.

वासाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तांदूळ जुना झाला की तो शिजताना अधिक फुगतो आणि मोकळा होतो, म्हणून जुना तांदूळ चांगला मानला जातो. परंतु याच काळात सुगंध देणारे रसायन हळूहळू कमी होत जाते. म्हणजे मोकळेपणा आणि सुगंध यांची ओढ एकमेकांविरुद्ध आहे, आणि ‘दोन वर्षे जुना, अत्यंत सुवासिक’ हे पाकिटावरचे वाक्य वाचले की मला आधी शंका येते. साध्या पॉलिथिनमधून वासाचे रेणू बाहेर झिरपतात. नायलॉनचा किंवा तत्सम रोधक थर असलेले बहुपदरी प्लॅस्टिक तो बराच काळ धरून ठेवते. सुगंधावर नाव कमवायचे असेल, तर हा खर्च टाळता येत नाही. त्याउलट, लांब आणि मोकळ्या भातावर नाव असेल, तर तोच पैसा दाण्यांची लांबी निवडण्यात घालवावा. पाकिटाला पारदर्शक खिडकी ठेवण्याची पद्धतही अशीच तपासून घ्यावी. पांढऱ्या तांदळाला तिचा फायदा होतो, कारण अखंड दाणे डोळ्यांना दिसतात. कोंडा न काढलेल्या तांदळाला मात्र ती मारक ठरते, कारण कोंड्यातले तेल उजेडाने आणि हवेने लवकर खवट होते.

पाकिटावर काय छापावे, याबाबत जपानची पद्धत मला सर्वांत समंजस वाटते. तिथे तांदळाच्या पाकिटावर उत्पादनाचा प्रदेश, वाण, पिकाचे वर्ष आणि गिरणीत पॉलिश केल्याचा काळ यांना ठरावीक जागा असते. विशेषणे कितीही छापली, तरी ग्राहकाची नजर या चार गोष्टींकडे जाते, कारण त्या सगळ्या पाकिटांवर एकाच साच्यात असतात आणि म्हणून त्यांची तुलना करता येते.

हिशेब कुठे बसतो

आता त्याच १०० टन साळीकडे परत जाऊ. तिच्यातून ६८ टन तांदूळ मिळतो, ५५ टन अखंड आणि १३ टन कणी. हा सगळा तांदूळ मिसळून साधा माल म्हणून विकला आणि त्याचा भाव टनाला १ एकक मानला, तर गटाला ६८ एकके मिळतात. आता निवड करू. लांबीचे आणि रंगाचे यंत्र लावून ५५ टनांतून फक्त ४८ टन वरच्या प्रतीचा ठरला. उरलेले ७ टन अखंड दाणे ०.९५ भावाने आणि १३ टन कणी ०.५५ भावाने गेली, तर या दोन्हींचे मिळून साधारण १३.८ एकके येतात. निवड, चाचण्या आणि चांगले पाकीट यांचा जादा खर्च वरच्या प्रतीच्या दर टनाला ०.१२ धरला, तर तो ५.८ एकके होतो.

वरची प्रत किती भावाने विकली, तर गट निदान पहिल्या जागी राहील? ६८ मधून १३.८ वजा करून ५.८ मिळवले, तर ४८ टनांतून ६० एकके यायला हवीत, म्हणजे भाव १.२५ हवा. साध्या मालापेक्षा पंचवीस टक्के जास्त भाव मिळाला, तर हाती काहीच उरत नाही! चाळीस टक्के जास्त भाव मिळाला, तर एकूण प्राप्ती ७५.२ एकके होते आणि वाढ केवळ अकरा टक्क्यांच्या आसपास राहते. कारण उघड आहे: मिश्र मालात कणीही तांदळाच्या भावाने विकली जात होती आणि अखंड दाणे तिला सांभाळून घेत होते. चांगले दाणे बाजूला काढले की उरलेला माल उघडा पडतो. पाकिटावरचा वाढीव भाव पाहून हुरळून जाणाऱ्या बहुतेक योजनांत उरलेल्या मालाचा हा हिशेब मांडलेलाच नसतो. त्यामुळे अनेकदा वरच्या प्रतीसाठी चढा भाव मिळवण्यापेक्षा, वाळवण सुधारून १३ टन कणी ९ टनांवर आणणे अधिक किफायतशीर ठरते. त्यासाठी ग्राहकाला काही पटवूनही द्यावे लागत नाही.

हे उदाहरण चांगल्या वर्षाचे होते. वाईट वर्षात काय होते, हे २०२३ मध्ये जपानच्या नीगाता प्रांतात दिसले. तिथला कोशिहिकारी हा देशातल्या सर्वांत नावाजलेल्या तांदळांपैकी एक. त्या उन्हाळ्यात कमालीची उष्णता पडली, पाऊस कमी झाला, दाणे खडूसारखे पांढरे पडले, आणि एरवी ज्या तांदळाचा मोठा भाग पहिल्या श्रेणीत येतो, त्याचा पहिल्या श्रेणीतला वाटा एक-आकडी टक्क्यांवर घसरला. ही श्रेणी दाण्याच्या दिसण्यावरून ठरते, चवीवरून नव्हे. तरी श्रेणी घसरल्याची नोंद जशीच्या तशी झाली आणि निकष सैल केले गेले नाहीत.

आपल्या गटाच्या आकड्यांत असे वर्ष घालून पाहिले, तर ६८ टनांत कणी २३ टन आणि अखंड ४५ टन होतो, व त्यातला वरच्या प्रतीत जेमतेम ३० टन बसतो. मिश्र मालाचा भावही आता कणी वाढल्यामुळे ०.९२ धरावा लागेल, म्हणजे ६२.६ एकके. वरची प्रत १.४ नेच विकली आणि बाकीचा माल आधीच्याच भावांनी गेला, तर सर्व मिळून ६५.३ एकके येतात. वाढ चार टक्क्यांवर येते. याच वेळी नियम जरासा सैल करून आणखी दहा टन वरच्या पाकिटात भरण्याचा मोह होतो, आणि त्यातून त्या वर्षी सुमारे ३.३ एककांचा फायदाही होतो. मोह टाळण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे दुसऱ्या प्रतीचे वेगळ्या रंगाचे पाकीट आधीपासून तयार ठेवणे, ज्यावर तेच गाव, तोच वाण, तेच वर्ष आणि कणीचा खरा आकडा छापलेला असेल. ते १.१ भावाने, पाकिटाचा तेवढाच खर्च धरून विकले, तर ०.९८ हाती येतात, म्हणजे बेनावाने विकण्यापेक्षा थोडेसेच जास्त. पण त्यामुळे वरच्या पाकिटातला माल त्या वर्षीही ठरलेल्या निकषांत बसणाराच राहतो, आणि पुढल्या हंगामात १.४ भाव मागताना गटाकडे दाखवायला मागच्या वाईट वर्षाचेही आकडे असतात.